आईचा इनबॉक्स: ओळखीच्यांची यादी आणि दोन नियम

आई 76 वर्षांची आहे. नोकरीची सगळी वर्षं तिने हिशेब सांभाळले. आलेला प्रत्येक कागद वाचायचा, त्याला उत्तर द्यायचं आणि मगच फाइलला लावायचा, ही शिस्त तिच्या अंगात मुरली आहे. ईमेलला तिने तीच शिस्त लावली होती. कुणीही लिहिलं तरी ती वाचायची, काही मागितलं तर शोधून द्यायची, आणि उत्तर न देणं तिला उद्धटपणाचं वाटायचं. फसवणूक करणाऱ्यांना नेमकं असंच माणूस हवं असतं.

ज्या मेलवरून हे सगळं सुरू झालं तो दिसायला अगदी साधा होता. कसल्याशा सॉफ्टवेअरचं वार्षिक सदस्यत्व आपोआप पुढे चालू झालं आहे, मोठी रक्कम वजा होईल, रद्द करायचं असल्यास चोवीस तासांत खालच्या क्रमांकावर फोन करा, असा मजकूर होता आणि सोबत पावतीची पीडीएफ होती. आईने असं सदस्यत्व घेतलंच नव्हतं, म्हणून तर तिने लगेच फोन केला. पलीकडचा माणूस अदबीने बोलला. रक्कम परत करण्यासाठी तुमची स्क्रीन दिसायला हवी, असं सांगून त्याने एक अ‍ॅप घ्यायला लावलं. अ‍ॅप घेताना पासवर्ड विचारला गेला, तो आईला आठवेना, म्हणून तिने दादाला फोन लावला. त्यामुळे गोष्ट तिथेच थांबली आणि पैसे वाचले.

हा मेल स्पॅममध्ये का गेला नाही, हे आधी समजून घेतलं. त्यात एकही लिंक नव्हती. पीडीएफमध्ये घातक काही नव्हतं, फक्त चित्र आणि फोन नंबर होता. पाठवणाऱ्याचा पत्ता एका मोफत मेलसेवेवर नव्याने काढलेला होता, त्यामुळे त्याची बदनामीही झालेली नव्हती. स्पॅम ओळखणारी यंत्रणा मुख्यतः वाईट लिंक, वाईट फाइल आणि वाईट इतिहास असलेला पत्ता यांवर चालते. या मेलमध्ये तिन्ही नव्हतं. खरी फसवणूक फोनवर होणार होती.

दादाने तो पत्ता ब्लॉक केला होता. त्याचा उपयोग नव्हता, कारण पुढच्या आठवड्यात तसाच मेल दुसऱ्या पत्त्यावरून आला. वाईट पत्त्यांची यादी कधीच पुरी होत नाही. पत्ते फुकट मिळतात आणि एका दिवसात टाकून दिले जातात. याउलट आईला खरोखर कोण लिहितं, ही यादी मात्र संपणारी असते. म्हणून आम्ही उलट बाजूने सुरुवात केली.

आईला लिहितं तरी कोण?

रविवारी दुपारी मी तिच्याशेजारी बसले आणि तिच्याच कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं. जीमेलचे फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचं काय करायचं हे ठरवणारे नियम, मोबाइलच्या अ‍ॅपमधून तयार करता येत नाहीत, त्यासाठी ब्राउझर लागतो. नियम करण्याआधी आम्ही सेटिंगमधली दोन पानं तपासली: `Filters and Blocked Addresses` आणि `Forwarding and POP/IMAP`. कुणी खात्यात शिरून गेलं असेल तर तो माणूस बऱ्याचदा तिथे एक फिल्टर ठेवून जातो. बँकेचे मेल परस्पर डिलीट व्हावेत किंवा त्यांची प्रत आपल्या पत्त्यावर यावी, अशी ती सोय असते. पासवर्ड बदलला तरी असा फिल्टर तसाच राहतो. दोन्ही पानं स्वच्छ निघाली. द्विस्तरीय पडताळणी चालू केली आणि मगच पुढे गेलो.

मग गेल्या वर्षभराचे मेल चाळले. आई एकेक नाव वाचत गेली आणि मी कागदावर लिहीत गेले. घरची माणसं, तीन मैत्रिणी, बँक, निवृत्तिवेतनाचं कार्यालय, विजेचं आणि फोनचं बिल, दवाखाना, वाचनालय, तिचा गाण्याचा वर्ग. दोन रकाने भरले आणि यादी संपली. बाकी सगळं जाहिराती, कधीतरी भरलेल्या फॉर्मवरून येणारी बातमीपत्रं आणि अनोळखी लोक. आईलाच नवल वाटलं. म्हणाली, "एवढ्याच लोकांसाठी मी रोज शंभर मेल वाचते होय?"

यादीत पत्ता नेमका कसा लिहायचा, इथे बारकाईने पाहावं लागतं. मेलमध्ये पाठवणाऱ्याचं जे नाव ठळक दिसतं ते पाठवणाराच टाइप करतो, तिथे तो काहीही लिहू शकतो. फोनवर तर बहुतेक वेळा तेवढंच दिसतं, खरा पत्ता नावावर टॅप केल्याशिवाय दिसत नाही. म्हणून यादीत नाव न लिहिता पूर्ण पत्ता लिहायचा. माणसांचे पत्ते एकेक करून लिहिले. बँक किंवा कार्यालय अनेक पत्त्यांवरून लिहितं, तिथे फक्त `@` च्या पुढचं डोमेन घेतलं. ते डोमेन नुकत्याच आलेल्या मेलवरून कधीच उचलायचं नाही. पासबुकावर किंवा जुन्या छापील बिलावर जी वेबसाइट आहे तिच्याशी अक्षर न् अक्षर ताडून मगच घ्यायचं. मोफत मेलसेवेचं संपूर्ण डोमेन यादीत कधीच घालायचं नाही, कारण मग त्या सेवेवरचा प्रत्येक ठग यादीत येतो.

आणखी दोन प्रकार आम्ही जाणूनबुजून बाहेर ठेवले. एक म्हणजे आईचा स्वतःचा पत्ता. "तुमचं खातं आमच्या ताब्यात आहे" अशी धमकी देणारे मेल पुष्कळदा तुमच्याच पत्त्यावरून आल्यासारखे दाखवले जातात. दुसरा प्रकार जास्त महत्त्वाचा आहे: ज्या सेवेतून कुणीही कुणालाही काहीही पाठवू शकतं, अशा सगळ्या सेवा. दस्तऐवज शेअर करण्याच्या, पैशांची मागणी पाठवण्याच्या, फॉर्म भरून घेण्याच्या, निमंत्रण पाठवण्याच्या. ठग तिथे खातं उघडतो, खोटं बिल तयार करतो आणि ते बिल ती कंपनी स्वतःच्या खऱ्या पत्त्यावरून, सगळ्या तांत्रिक तपासण्या पार करून तुमच्यापर्यंत पोहोचवते. पत्ता शंभर टक्के खरा आणि मजकूर शंभर टक्के खोटा. असं डोमेन विश्वासाच्या यादीत घातलं की यादीच ठगाच्या कामाला येते.

पहिला नियम

जीमेलच्या फिल्टरांची एक गोष्ट माहीत नसेल तर सगळं चुकत जातं. तिथे क्रम नसतो. "आधी ओळखीचे बाजूला काढ, उरलेल्यांवर दुसरा नियम लाव" असं सांगता येत नाही. प्रत्येक मेलवर सगळे फिल्टर स्वतंत्रपणे तपासले जातात आणि जे जे जुळतात ते सगळे लागू होतात. त्यामुळे "यादीत नसलेले" ही अट एकाच फिल्टरच्या आत पुरी करावी लागते. `Has the words` या चौकटीत आम्ही असं लिहिलं (पत्ते इथे बदलले आहेत):

```
-from:(mulgi@mail.example OR mulga@mail.example OR bank.example OR pension.example OR dawakhana.example)
```

सुरुवातीची उणे खूण म्हणजे "यांच्यापैकी कुणाकडूनही नसलेलं". यादी लांबली म्हणून तिचे दोन फिल्टर करायचा मोह होतो, पण तो टाळावा. पहिल्या यादीतला माणूस दुसऱ्या यादीत नसतो, म्हणून दुसरा फिल्टर त्याला अनोळखी ठरवतो. पहिला फिल्टर दुसऱ्या यादीतल्यांचं तेच करतो, आणि शेवटी इनबॉक्समध्ये कुणीच उरत नाही. यादी आटोपशीर ठेवण्यासाठी संस्थांचं डोमेन घ्यायचं, हे त्याचंही एक कारण.

फिल्टर जतन करण्यापूर्वी हीच ओळ जीमेलच्या शोधपट्टीत टाकून पाहिली, मागे `newer_than:1y` जोडून. वर्षभरात कुठकुठले मेल बाजूला गेले असते ते समोर आलं. त्यात गाण्याच्या वर्गाच्या बाईंचा दुसरा पत्ता सापडला, तो यादीत घातला. ही चाचणी फुकट आहे आणि काहीही बिघडवत नाही, म्हणून ती सोडू नये.

पुढे कृती निवडायची. आम्ही दोनच निवडल्या: `Skip the Inbox` आणि `Apply the label`. लेबलचं नाव आईने ठेवलं, "नवखे". `Delete it` निवडलं नाही, कारण खरा मेलही कधीतरी नवख्या पत्त्यावरून येणारच. `Mark as read` निवडलं नाही, कारण न वाचलेल्यांचा आकडा लेबलशेजारी दिसायला हवा. जुन्या मेलवर नियम लावायची चौकटही कोरी ठेवली. आई जुने मेल इनबॉक्समध्येच खाली सरकवत शोधते, ते एका रात्रीत गायब झाले असते तर तिचा या सगळ्यावरचा विश्वासच उडाला असता.

याचा सर्वांत मोठा फायदा मेल वेगळ्या जागी जातो हा नाही. इनबॉक्स टाळून गेलेल्या मेलची सूचना फोनवर वाजत नाही. घाई हे ठगाचं हत्यार आहे. "चोवीस तासांत" असं लिहिलेला मेल स्वयंपाकघरात हात ओले असताना वाजला तर माणूस दचकतो. तोच मेल संध्याकाळी, "नवखे" लेबलमध्ये, दहा जाहिरातींच्या मध्ये दिसला की त्याची धार जाते. आईने स्वतःच ठरवलं की नवखे दिवसातून एकदाच, दिवेलागणीनंतर पाहायचे आणि त्यातल्या कुठल्याही मेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही.

जे आम्ही केलं नाही

दादाचं म्हणणं होतं की यादीतल्या लोकांसाठी वेगळा फिल्टर करून त्यावर `Never send it to Spam` लावावं, म्हणजे बँकेचा मेल कधीच हरवणार नाही. बऱ्याच ठिकाणी हाच सल्ला दिलेला असतो. मला तो धोकादायक वाटतो, आणि या प्रकरणातून मी एकच गोष्ट सांगायची ठरवली तर ती हीच असेल.

मेलवरचा `From` हा पाकिटाच्या मागे हाताने लिहिलेल्या नावासारखा असतो. मेल ज्या पद्धतीने पाठवला जातो तिची मूळ आखणी 1982 सालची आहे आणि त्यात पाठवणाऱ्याचं नाव तपासण्याची सोय नव्हती. पुढे त्यावर तीन तपासण्या चढवल्या गेल्या. एसपीएफ पाहते की मेल पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनने परवानगी दिलेला आहे का. डीकिम मेलवरची डिजिटल सही तपासते. डीमार्क पाहते की या दोहोंपैकी किमान एक तपासणी, `From` मध्ये दिसणाऱ्या डोमेनशी जुळूनच, पार पडली आहे का, आणि नसेल तर मेलचं काय करावं हे डोमेनच्या मालकाला सांगता येतं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने आपल्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्हींची सक्ती केली. पण लहान संस्था, वर्ग, वाचनालयं यांच्याकडे बऱ्याचदा हे पुरतं बसवलेलं नसतं. त्यांच्या नावाचा बनावट मेल आला तर त्याला अडवणारी शेवटची भिंत म्हणजे जीमेलचा स्पॅम विभाग. फिल्टर मात्र फक्त `From` मधली अक्षरं पाहतो, सही पाहत नाही. शिवाय `from:` चा शोध पत्त्याबरोबर दिसणाऱ्या नावातही चालतो. `Never send it to Spam` लावलं की आपण स्वतःच्या हाताने ती भिंत पाडतो, आणि तीही नेमकी अशा नावांसाठी, ज्यांच्यावर आई डोळे मिटून विश्वास ठेवते.

म्हणून आमच्या रचनेत यादीत असल्याचा एवढाच अर्थ आहे की मेल इनबॉक्समध्ये दिसेल. स्पॅमची तपासणी त्यालाही चुकत नाही. बँकेचा मेल स्पॅममध्ये गेलाच, तर तो का गेला हे पाहायचं. ब्राउझरमध्ये मेलच्या तीन ठिपक्यांखाली `Show original` उघडलं की वरच्या तक्त्यात `SPF`, `DKIM` आणि `DMARC` पुढे `PASS` किंवा `FAIL` दिसतं. `DMARC` पुढे `FAIL` असेल तर तो मेल उघडून उपसायचा नाही, बँकेला कार्डामागच्या नंबरवर विचारायचं.

दुसरा नियम

पहिला नियम एका प्रकाराला काहीच करू शकत नाही: ओळखीच्या माणसाचं खातंच ठगाच्या हाती गेलं तर. तसं घडलं. आईच्या एका मैत्रिणीच्या खऱ्या पत्त्यावरून मेल आला. "प्रवासात आहे, फोन लागत नाही, भाचीच्या वाढदिवसासाठी गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे नंबर पाठवशील का? आल्यावर पैसे देते." पत्ता खरा, सही खरी, यादीतही नाव. मेल थेट इनबॉक्समध्ये आला.

पण त्याच्यावर एक लाल लेबल होतं. ते दुसऱ्या फिल्टरमुळे. हा फिल्टर पाठवणाऱ्याकडे पाहतच नाही, शब्दांकडे पाहतो, आणि फिल्टरांना क्रम नसल्याचा इथे फायदा होतो, कारण तो यादीतल्यांवरही लागू होतो:

```
{"gift card" "गिफ्ट कार्ड" "गिफ्ट कार्डं" "remote access" "स्क्रीन शेअर" "crypto wallet"}
```

महिरपी कंसाचा अर्थ "यांपैकी कुठलंही एक". कृती एकच, "आधी फोन कर" हे लेबल लावणं. मेल हलवायचा नाही, लपवायचा नाही. आईने लेबल पाहिलं, आपल्या वहीतून मैत्रिणीचा नंबर काढला आणि फोन केला. फोन लगेच लागला. खातं गेल्याचं त्या बिचारीला तोवर कळलंही नव्हतं.

शब्दांची यादी आम्ही मुद्दाम तोकडी ठेवली. आधी त्यात "पासवर्ड" आणि "तातडीने" हेही शब्द होते. शोधपट्टीतल्या चाचणीत ते बँकेच्या नेहमीच्या सूचनांवर आणि दादाच्या निम्म्या मेलवर लागले. रोज दिसणारं लाल लेबल चार दिवसांत नजरेआड होतं, म्हणून ते शब्द काढले. आत राहिलेला प्रत्येक शब्द असा आहे की आईच्या खऱ्या पत्रव्यवहारात तो जवळजवळ येतच नाही.

काय अडलं

पहिल्या महिन्यातला खरा त्रास ठगांचा नव्हता. दवाखान्याचा तपासणी अहवाल "नवखे" मध्ये जाऊन पडला, कारण दवाखाना भेटीची वेळ स्वतःच्या पत्त्यावरून कळवतो, पण अहवाल एका बाहेरच्या सेवेमार्फत पाठवतो आणि त्या सेवेचं डोमेन वेगळं आहे. आईने तो संध्याकाळी पाहिला, नुकसान झालं नाही. ते डोमेन यादीत घालण्याआधी आम्ही दवाखान्याला फोन करून खात्री केली आणि डोमेन न घेता पूर्ण पत्ता घेतला, कारण तीच सेवा इतर शेकडो ठिकाणांसाठीही मेल पाठवते.

पासवर्ड बदलण्याचे आणि एकवेळच्या संकेतांकाचे, म्हणजे ओटीपीचे, मेलही नवख्या पत्त्यावरून आले की तिकडेच जातात, आणि ते काही मिनिटांत बाद होतात. त्यावर आईने साधा उपाय काढला: मी स्वतः आत्ता कुठे लॉगिन करत असेन, तर "नवखे" मध्ये लगेच पाहायचं. मी काहीच करत नसताना संकेतांक आला, तर तो कुणाला सांगायचा नाही आणि लेकीला कळवायचं.

एक वाट फिल्टरच्या बाहेरची निघाली. कॅलेंडरचं निमंत्रण म्हणून पाठवलेली फसवणूक मेल कुठेही गेला तरी कॅलेंडरमध्ये परस्पर नोंदली जाऊ शकते आणि मग फोनवर आठवण म्हणून वाजते. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये निमंत्रणं आपोआप जोडण्याचा पर्याय आहे, तो `Only if the sender is known` वर आणला.

मेसेज आणि थेट येणारे फोन यांना यातलं काहीच लागू होत नाही. ते आईला स्पष्ट सांगितलं, नाहीतर मेल शांत झाला म्हणजे सगळंच सुरक्षित झालं असा समज झाला असता.

यादी कुणाची

दादाला आईच्या खात्याचा पासवर्ड हवा होता. आईने नकार दिला आणि मला ते योग्य वाटतं. जीमेलमध्ये `Grant access to your account` ही सोय आहे. तीतून दुसऱ्या माणसाला पासवर्ड न देता मेल वाचायला देता येतात आणि तो पासवर्ड बदलू शकत नाही. पण तो सगळं वाचू शकतो आणि तिच्या वतीने लिहूही शकतो. आईला तिच्या मैत्रिणींची पत्रं मुलांनी वाचलेली नको आहेत. म्हणून आम्ही ती सोय वापरली नाही. यादीत कोण येईल हे ती ठरवते. नाव वहीत लिहून ठेवते आणि मी गेले की दोघी मिळून फिल्टरमध्ये घालतो. प्रत्येक बदलानंतर फिल्टर निवडून `Export` केला की त्याची एक छोटी फाइल उतरते. पुढे चुकून फिल्टर पुसला गेला तर तीच `Import` करता येते.

यादीतून नावं काढणंही तितकंच गरजेचं आहे, आणि ते बहुतेक घरांत राहून जातं. आईच्या यादीत एका बंद पडलेल्या मंडळाचं डोमेन होतं. डोमेन दरवर्षी किंवा काही वर्षांनी पैसे भरून चालू ठेवावं लागतं. कुणी भरले नाहीत की ते मोकळं होतं आणि जगातला कुठलाही माणूस ते विकत घेऊन त्यावरून अगदी खऱ्या सहीनिशी मेल पाठवू शकतो. ते डोमेन आम्ही काढलं. आता वर्षातून एकदा, करविवरणाचे कागद काढायच्या वेळी, आई यादी वरपासून खालपर्यंत वाचते आणि वर्षभरात ज्यांचं काहीच आलं नाही त्यांच्यापुढे पेन्सिलने फुली मारते.